आजारी पिल्लांत सिस्ट नाही आणि धडधाकट डुकरिणीत सिस्टच सिस्ट: डिचोलीकडच्या एका फार्मची केस

फेब्रुवारीचा पहिला आठवडा, कार्निव्हलची गडबड सुरू व्हायची होती, आणि डिचोली तालुक्यातल्या एका डुक्कर फार्मवरून फोन आला. मालक तरुण पोरगा, पदवी घेऊन नोकरी न करता काजूच्या भाटात शेड घातलेला, तीसेक डुकरं, बहुतेक लार्ज व्हाइट यॉर्कशायर, खायला कोंडा आणि किनारपट्टीच्या हॉटेलांतलं उरलेलं अन्न. म्हणाला, "डॉक्टर, नवीन आणलेली पिल्लं तापलीत, कान निळे पडतायत, एक मेलं सकाळी. फिवर आलाय काय हो?"

फिवर म्हणजे स्वाइन फिवर. डुक्कर पाळणाऱ्याच्या डोक्यात पहिला विचार तोच येतो आणि यायलाच हवा, कारण 2020 मध्ये आसाम-अरुणाचलात आफ्रिकन स्वाइन फिवर घुसल्यापासून कानावर निळा डाग दिसला की कुणालाही झोप लागत नाही. त्याला सांगितलं की फार्मवरून एकही जनावर, मांस, भांडं बाहेर जाऊ द्यायचं नाही, सरकारी दवाखान्याला आधी कळव, आणि मी येतोय.

जाऊन बघितलं तर आजारी होती ती फक्त जानेवारीच्या मध्यावर बाहेरून विकत आणलेली पिल्लं. ताप 41 च्या आसपास, धाप लागलेली, मागचे पाय थरथरतायत, कानांवर, नाकाडावर आणि ढुंगणावर जांभळट चट्टे, डोळ्याच्या आतली पापणी पांढरीफटक. शेजारच्याच खोलीत फार्मवरच्या जुन्या डुकरिणी मात्र मस्त लोळत होत्या, खात होत्या, एकीला शिंकसुद्धा नाही. इथेच मला जरा खटकलं, साधा स्वाइन फिवर लस घेतलेल्या जुन्या जनावरांना सोडेल हे ठीक आहे, पण आफ्रिकन असता तर त्याने जुनं-नवं काही बघितलं नसतं, त्याच्यावर लसच दिलेली नव्हती. अर्थात खटकणं म्हणजे निदान नव्हे. मेलेल्या पिल्लाचं पोस्टमॉर्टेम केलं, मूत्रपिंडावर टाचणीच्या टोकाएवढे रक्ताचे ठिपके, लिम्फ नोड सुजलेले, दिसायला सगळं फिवरसारखंच. सरकारी डॉक्टरांमार्फत सॅम्पल गेली आणि सोबत मूत्रपिंड, फुप्फुस, लिव्हर, हृदय आणि डायफ्रामचे, म्हणजे छाती-पोटाच्या मधल्या स्नायूच्या पडद्याचे, तुकडे फॉर्मेलिनमध्ये.

दोन्ही फिवर निगेटिव्ह आले. मालकाचा जीव भांड्यात पडला, माझा नाही, कारण दुसरं पिल्लू गेलेलं होतं.

मधल्या काळात एक जुनी डुकरीण म्हातारी झाली म्हणून कापायची ठरलेलीच होती, रिपोर्ट निगेटिव्ह आल्यावर ती कापली. मी तिच्या डायफ्रामचा तुकडा मागून घेतला. काम सोपं आहे, तांदळाच्या दाण्याएवढे तुकडे दोन काचपट्ट्यांत दाबून चपटे करायचे आणि मायक्रोस्कोपखाली कमी पॉवरवर बघायचे. स्नायूच्या धाग्यांच्या आत, धाग्याच्याच दिशेने लांबट पिशव्या, म्हणजे सिस्ट, दिसल्या, एका तुकड्यात कितीतरी. फोडल्या की आतून केळ्याच्या आकाराचे बारीक जीव बाहेर सांडतात, त्यांना ब्रॅडिझोइट म्हणतात. हा सार्कोसिस्टिस नावाचा परजीवी. स्वित्झर्लंडच्या मिशर नावाच्या माणसाने उंदराच्या स्नायूत 1843 साली हा बघितला, पण ह्याला जगायला दोन वेगवेगळे प्राणी लागतात, एक खाणारा आणि एक खाल्ला जाणारा, हे कळायला 1972 उजाडलं.

आता मालकाने लगेच हिशोब मांडला, "म्हणजे हाच रोग, डुकरिणीत आहे तो पिल्लांना लागला." असं नसतं. डुकराचं डुकराला हे लागत नाही, एकाच खोलीत वर्षभर ठेवलीत तरी नाही. आणि खरी गंमत पुढे होती. पॅथॉलॉजीचा रिपोर्ट आला त्यात मेलेल्या पिल्लाच्या हृदयात, डायफ्राममध्ये एकही सिस्ट नव्हती! जे मेलं त्याच्यात नाही आणि जी ठणठणीत होती तिच्यात खच्चून भरलेल्या. बऱ्याच लोकांचा, आणि खरं सांगायचं तर कत्तलखान्यात तपासणी करणाऱ्या काही जणांचासुद्धा, गोंधळ इथेच होतो, की सिस्ट सापडली म्हणजे रोग सापडला.

होतं काय ते सांगतो. खाणाऱ्याच्या म्हणजे कुत्र्याच्या विष्ठेतून जे बाहेर पडतं त्याला स्पोरोसिस्ट म्हणतात, प्रत्येकात चार बारीक जीव. डुकराने ते कोंड्याबरोबर, पाण्याबरोबर गिळले की आतड्यात ते सुटतात आणि रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तरात शिरून तिथे स्वतःच्या प्रती काढत सुटतात. पहिली फेरी लिव्हरच्या शिरांत, दुसरी अंगभरच्या केशवाहिन्यांत, मूत्रपिंडात सुद्धा. ही दुसरी फेरी रंगात येते ती साधारण बाराव्या ते पंधराव्या दिवसाच्या आसपास, आणि त्याच वेळी ताप, रक्त कमी होणं, चट्टे, धाप, गाभण असेल तर गर्भपात आणि डोस मोठा असेल तर मरण. म्हणजे जनावर आजारी पडतं ते रक्तवाहिन्या फुटतात म्हणून, स्नायूतल्या सिस्टमुळे नाही. त्यातून जगलं तर उरलेले जीव स्नायूत जाऊन बसतात, हळूहळू पिशवी तयार करतात, आणि ती पिशवी पक्व व्हायला पहिल्यापासून धरून साधारण दोन महिने जातात. तोपर्यंत डुक्कर पुन्हा खायला-प्यायला लागलेलं असतं. डुकरिणीतल्या सिस्ट म्हणजे जुन्या भरलेल्या बिलाची पावती.

तर मेलेल्या पिल्लात शोधायच्या होत्या त्या सिस्ट नाहीतच, रक्तवाहिन्यांच्या अस्तरातल्या त्या प्रती, त्यांना शायझॉन्ट म्हणतात. पॅथॉलॉजिस्टला फोन करून सांगितलं की मूत्रपिंडाच्या स्लाइड पुन्हा बघा, ग्लोमेरुलसच्या, म्हणजे रक्त गाळणाऱ्या गुंत्याच्या, केशवाहिन्यांत बघा. तिथे ते मिळाले. हे मुद्दाम लिहितोय, कारण नुसतं 'सार्कोसिस्टिस आहे का बघा' असं लिहून स्नायू पाठवला असता तर रिपोर्ट 'काही नाही' असा आला असता आणि फाइल बंद. उलटही तितकंच खरं आहे, मेलेल्या मोठ्या डुकरात सिस्ट दिसल्या म्हणून ते त्यानेच मेलं असं लिहू नका, जगात कितीतरी जनावरं सिस्ट घेऊन आरामात फिरत असतात.

मग जुन्या डुकरिणी का वाचल्या? त्यांनी लहानपणापासून थोडे थोडे स्पोरोसिस्ट खाल्ले होते, त्यातून अंगात बऱ्यापैकी प्रतिकार आलेला. बाहेरून आलेली पिल्लं कोरी होती. पण नुसतं कोरं असून भागत नाही, प्रयोगात डुकरं मारायला दहा लाखांच्या घरातला डोस द्यावा लागलेला आहे, थोड्याशा घाणीने असं होत नाही, म्हणूनच फार्मवर डुकरं ह्या रोगाने तडकाफडकी आजारी पडलेली क्वचितच बघायला मिळतात. म्हणजे इथे कुठेतरी स्पोरोसिस्टचा साठाच होता.

कुणाच्या विष्ठेत, हा पुढचा प्रश्न. आणि इथे दोन संशयित होते.

डुकराच्या बाबतीत नीट ठाऊक असलेले दोन सार्कोसिस्टिस आहेत. मिशेरियाना, त्याचा खाणारा कुत्रा. आणि सुइहोमिनिस, त्याचा खाणारा माणूस. मांजराचा तिसरा एक सांगतात पण त्याच्याबद्दल शंका आहे, तो सोडून देऊ. माणसाने सुइहोमिनिसवालं डुकराचं मांस कच्चं-अर्धकच्चं खाल्लं की त्याच्या आतड्यात नर-मादी तयार होतात आणि अकरा-तेरा दिवसांनी त्याच्या संडासातून स्पोरोसिस्ट पडायला लागतात, पुढे महिना तरी. ते डुकराने खाल्लं की चक्र पुरं. खाणाऱ्या माणसाला त्या आधीच, जेवल्यानंतर सहा तास ते दोन दिवसांत, मळमळ, पोटदुखी, जुलाब, कधी उलट्या होतात आणि बहुतेकदा आपोआप थांबतात. गाईगुरांतला होमिनिससुद्धा माणसाचाच पण तो सौम्य असतो.

गावात सगळ्यांचा निकाल आधीच लागलेला होता, फार्मवरचा परराज्यातला कामगार भाटात उघड्यावर जातो, त्याच्यामुळेच झालं. गोव्यात ह्या बोलण्याला एक जुना संदर्भही आहे, पूर्वी कित्येक गावांत घरामागच्या संडासाखाली डुकरं फिरायची आणि सफाई तीच करायची, आता ते जवळपास संपलं. म्हणजे माणूस ते डुक्कर हा अर्धा रस्ता आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या उघडा होता. पण परतीचा रस्ता बघा ना, डुक्कर ते माणूस, त्याला मांस कच्चं खावं लागतं, आणि आपल्याकडे सोरपोतेल करताना मांस आधी उकडतात, मग बारीक कापून तळतात, मग परत शिजवतात, आणि मुरलं की अजून गरम करतात. त्यात काय जिवंत राहणार? डुकराच्या मांसावर प्रयोग झालेले आहेत, 60 अंशाला वीस मिनिटं, 70 ला पंधरा, 100 ला पाच मिनिटं, एवढ्यात हे मरतात. फ्रीझरमध्ये उणे 20 ला एक दिवस किंवा उणे 4 ला दोन दिवस ठेवलं तरी मरतात. फक्त चोरीसबद्दल, म्हणजे डुकराच्या सॉसेजबद्दल, मी जरा कडक आहे, मीठ, विनिगर आणि धूर ह्यांच्या भरवशावर कच्चा तुकडा तोंडात टाकायचा नाही, शिजवूनच खायचा.

तरी संशय बोलण्याने जात नाही, म्हणून कामगाराला विचारून, त्याची हरकत नाही बघून, त्याच्या शौचाची तपासणी करून घेतली. निगेटिव्ह. एका निगेटिव्हने माणूस पूर्ण सुटत नाही हे मान्य, पण तो डुकराचं मांस खातच नाही हे कुणी त्याला विचारलं सुद्धा नव्हतं. न खाणाऱ्याच्या पोटात सुइहोमिनिस येणार कुठून?

आता दुसरा संशयित. फार्मवर तीन कुत्री, त्यातली एक कुत्री डिसेंबरच्या सुरुवातीला व्यालेली, पिल्लं कोंड्याच्या खोलीतच पोत्यांच्या मागे, कारण तिथे ऊब. मालकाला विचारलं, नाताळाला डुकरं कापली तेव्हा उरलेलं काय केलं? "कुत्र्यांना घातलं हो, फुकट कशाला घालवायचं, अन्ननळी, डायफ्रामच्या कडा, छाटण, सगळं." हृदय आणि लिव्हर सोरपोतेलात जातं, म्हणून कुत्र्यांच्या वाट्याला नेमकं अन्ननळी आणि डायफ्राम, आणि सार्कोसिस्टिस शोधायचा तर आम्ही पहिल्यांदा हेच स्नायू घेतो. तारखा लावून बघा. नाताळच्या आदल्या एक-दोन दिवसांत कुत्र्यांनी आणि दात फुटलेल्या त्यांच्या पिल्लांनी कच्चं खाल्लं. कुत्र्याच्या आतड्यात हा जीव वेळ घालवत नाही, सरळ नर-मादी बनतो, आणि दोन आठवड्यांच्या आत विष्ठेतून स्पोरोसिस्ट सुरू होतात ते कित्येक आठवडे चालू. म्हणजे जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात कोंड्याच्या खोलीत स्पोरोसिस्टचा पाऊस सुरू. मध्यावर नवीन पिल्लं आली, त्यांना जागा दिली ती त्याच खोलीला लागून, खायला घातला तोच कोंडा. आणि दोन-अडीच आठवड्यांनी ताप. एवढी स्वच्छ तारखांची साखळी फार कमी केसमध्ये मिळते.

कुत्र्यांची विष्ठा साखरेच्या घट्ट पाकात तरंगवून बघितली. इथे एक सांगतो, नवशिक्याच्या हातून हे सुटतं, कारण हे स्पोरोसिस्ट जंताच्या अंड्यांपेक्षा खूपच लहान, लांबी पंधरा मायक्रॉनच्या आतली, पातळ भिंतीचे, आणि ते कव्हरस्लिपच्या अगदी खाली चिकटलेले असतात. जंत बघायच्या पॉवरवर बघितलंत तर 'निगेटिव्ह' लिहून मोकळे व्हाल. मोठ्या पॉवरवर फोकस वरच्या थरावर आणला की दिसतात. कुत्रीत आणि तिच्या पिल्लांत भरपूर मिळाले, पिल्लांत जास्त.

पण विष्ठेतले स्पोरोसिस्ट सगळ्या जातींचे सारखेच दिसतात. ते एवढंच सांगतात की ह्या कुत्र्याने कुणाचं तरी कच्चं मांस खाल्लंय. जात ठरवायची तर स्नायूतल्या सिस्टची भिंत बघतात. गाईगुरांत हे बऱ्यापैकी सोपं आहे, कुत्र्याच्या क्रूझीची भिंत एकदम पातळ, एक मायक्रॉनहून कमी, आणि माणसाच्या होमिनिसची जाड, रेघारेघांची, साध्या मायक्रोस्कोपखाली फरक कळतो. डुकरात नशीब तेवढं चांगलं नाही, मिशेरियाना आणि सुइहोमिनिस दोघांचीही भिंत जाडच, दोघांवरही बोटांसारखे उंचवटे, साध्या मायक्रोस्कोपने मी तरी सही करणार नाही. म्हणून डुकरिणीचा डायफ्राम पीसीआरला पाठवला. उत्तर आलं मिशेरियाना. कुत्र्याचा. कामगाराची कुणी माफी मागितली नाही ती गोष्ट वेगळी.

मालकाचा पुढचा प्रश्न अपेक्षितच होता, "कुत्र्यांना जंताची गोळी देऊ का?" देऊन ह्यावर उपयोग नाही, हा जंतच नाही. आणि कुत्रं आजारीही पडत नाही, खातंय, खेळतंय, शेपूट हलवतंय, त्यामुळे त्याच्यावर संशय येतच नाही. एकदा होऊन गेलं की पुन्हा होत नाही असंही नाही, पुढच्या वेळी कच्चं घातलं की परत सुरू. डुकराच्या पिल्लांच्या अंगात सिस्ट तयार झाल्या की त्या घालवणारं औषध नाही, लसही नाही. आजारी होती त्यांना ताप कमी करायचं औषध, पाणी, सावली, एवढंच करता आलं. काही गेली, बाकीची आठवडाभरात उभी राहिली, पण वजनात मागे पडली ती पडलीच.

फिनाइल ओतायला तो तयारच होता, तेही थांबवलं. स्पोरोसिस्ट फिनाइलला, ब्लीचिंगला भीक घालत नाहीत, त्यांना मारतं उकळतं पाणी आणि कडक कोरडेपणा. कोंडा टाकून दिला, खोली रिकामी करून उकळत्या पाण्याने धुतली आणि दारं-खिडक्या उघडून उन्हं आत येतील अशी ठेवली. फेब्रुवारी होता म्हणून जमलं, जुलैत हीच केस असती तर गोव्याच्या ओलीत ती खोली सुकवायची कशी हे मला सांगता आलं नसतं. आणखी एक, मांजराच्या टोक्सोप्लाझ्माला विष्ठेत पिकायला दिवस-दोन दिवस तरी लागतात, त्यामुळे रोज साफ केलं तर वाचता येतं. इथे ती सवलत नाही, स्पोरोसिस्ट कुत्र्याच्या पोटातूनच तयार होऊन येतात, पडल्या क्षणी लागू. म्हणून रोज झाडणं पुरत नाही, कुत्रं आत येताच कामा नये. कोंड्याला झाकणाचे ड्रम, खोलीला जाळी आणि खाली सिमेंटचा उंबरा, आणि कापल्यावरचं सगळं छाटण बारीक करून अर्धा तास चांगलं उकळून मगच कुत्र्यांना, नाहीतर खोल खड्डा.

हे सगळं चालू असताना शेजारच्या वहिनी कुंपणाशी उभ्या. त्यांची गाय गाभण. "डॉक्टर, ही कुत्री आमच्या गोठ्यात गवतावर झोपतात, माझ्या गाईला काय होणार नाही ना?" डुकराचं खाऊन कुत्र्याने जे टाकलं ते गाईला लागत नाही, मिशेरियानाची जोडी कुत्रा-डुक्कर अशीच ठरलेली. पण त्यांना निर्धास्त करून मी परत आलो नाही, कारण हीच कुत्री रस्त्यावर गाडीखाली मेलेलं गुरू ओढतात हे गावात सगळ्यांना माहीत होतं, आणि त्यातून येतो तो क्रूझी, गाईगुरांतला सगळ्यात वाईट. गाभण गाईला ताप, लाळ, रक्त कमी, शेपटीचा गोंडा झडणं आणि गर्भपात, साधारण चार आठवड्यांनी. शेळी-मेंढीतही तसंच, मेंढीचा टेनेला कुत्र्याचा आणि त्रासदायक, तर मटणवाल्याकडे मेंढीच्या अन्ननळीवर भाताच्या दाण्यासारखे जे पांढरे दाणे कधी दिसतात तो जायगँशिया मांजराचा आणि निरुपद्रवी. डोळ्यांना दिसतो तो साधा आणि दिसत नाही तो वाईट, लोक बरोब्बर उलटं समजतात. डुकराच्या मांसात मात्र डोळ्याने पांढरा फोड दिसला तर सार्कोसिस्टिस समजून सोडू नका, तो टेपवर्मचा फोड असू शकतो आणि ते प्रकरण माणसासाठी फार वेगळं आहे. वहिनींना सांगितलं, गवताच्या उडवीला जाळी घाला आणि मेलेलं गुरू दिसलं तर पंचायतीला फोन करून पुरायला लावा.

जूनच्या आत वाचलेली पिल्लं विकायला निघाली. मालकाने त्यातलं एक कापताना डायफ्रामचा तुकडा बाजूला काढून ठेवला होता. दाबून बघितलं, सिस्ट होत्या, असणारच होत्या. मांस घेणाऱ्याने विचारलं चालेल का, त्याला सांगितलं शिजवून खायला काही हरकत नाही, कुत्र्याला कच्चं घालू नको. मालकाच्या कुत्रीची विष्ठा त्याच आठवड्यात बघितली तर तिच्यात आता काही मिळत नव्हतं. कुत्रीची पिल्लं त्याने दुसऱ्यांना देऊन टाकली होती, कुणाला ते विचारून घेतलं आणि त्या घरांना कळवायला सांगितलं, कारण त्यातल्या एका घरी डुकरं आहेत.